महिनाअखेरची विक्री आणि मार्चअखेरची विक्री

पुण्यात नव्याने पदवी किंवा डिप्लोमा घेतलेल्या मुलाला सेल्समध्ये नोकरी शोधायची असेल, तर त्याच्यासमोर बहुतेक वेळा दोन जातींच्या संधी येतात. एक, एखाद्या मोटारीच्या शोरूममध्ये सेल्स कन्सल्टंट. दुसरी, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यांना यंत्रसामग्री पुरवणाऱ्या डीलरकडे सेल्स इंजिनीअर. पहिल्या ठिकाणी गिऱ्हाईक म्हणजे घरातला माणूस, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक म्हणजे कंपनी. घरचे विचारतात, कंपनी मोठी आहे का, पगार किती, गाडी देणार का. मित्र सांगतात, तुला बोलता येतं ना, मग शोरूमला जा. यातला एकही प्रश्न निरुपयोगी नाही, पण माणूस त्या नोकरीत टिकेल की दीड वर्षात कंटाळून बाहेर पडेल, हे यातून कळत नाही. ते कळायला आधी एक गोष्ट पाहावी लागते: आज केलेल्या मेहनतीचा निकाल किती दिवसांनी लागतो. पगाराची घडण त्या अंतरावर ठरते आणि कुठला स्वभाव तिथे रमेल हेही.

आधी शोरूम घेऊ. तिथला आठवडा आपल्या आठवड्याच्या उलटा चालतो. शनिवार-रविवार हे कामाचे दिवस, सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी. सकाळी मॅनेजरची मीटिंग होते. काल किती वॉक-इन झाले, किती टेस्ट ड्राइव्ह दिल्या, किती बुकिंग आली, आज कुणाकुणाला फोन करायचे, एवढंच तिथे बोललं जातं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की घड्याळ सुरू. चांगला विक्रेता पहिल्या दहा मिनिटांत किंमत सांगत नाही. गाडी रोज किती किलोमीटर चालणार, चालवणार कोण, सोसायटीत पार्किंग किती रुंद आहे, जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची आहे का, हे तो विचारून घेतो. तोवर त्याला हेही कळलेलं असतं की वडील बोलत असले तरी निर्णय सुनेचा आहे, कारण गाडी रोज तीच नेणार आहे.

मग हप्त्याचा कागद पुढे येतो. समजा आठ लाखांचं कर्ज आहे आणि व्याज नऊ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसतो, सात वर्षांसाठी सुमारे १२,९००. गिऱ्हाइकाचा चेहरा दुसऱ्या आकड्याला खुलतो. पण सात वर्षांत तो सुमारे पंचाऐंशी हजार रुपये व्याज जास्त भरणार असतो. हे त्याला आपणहून सांगायचं की त्याने विचारलं तरच सांगायचं, हा निर्णय विक्रेत्याला रविवारच्या गर्दीत, शेजारी दुसरं कुटुंब वाट पाहत उभं असताना घ्यावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे, सांगावंच. पण असे छोटे निर्णय दिवसातून अनेकदा आणि झटपट घ्यावे लागतात. ज्याला प्रत्येक गोष्टीवर रात्री विचार करून सकाळी उत्तर द्यायला आवडतं, त्याची इथे घुसमट होते.

या कामात नकार भरपूर मिळतात, पण ते लहान असतात. आलेल्यांपैकी बरेच जण ‘घरी बोलून सांगतो’ म्हणून जातात आणि पुन्हा फोन उचलत नाहीत. काही जण तुमच्याकडे दोनदा टेस्ट ड्राइव्ह घेतात आणि चार हजारांच्या फरकासाठी दुसऱ्या शोरूममधून गाडी उचलतात. मन खट्टू होतं, पण पुढचं गिऱ्हाईक अर्ध्या तासात समोर असतं. इथे लागणारा गुण बडबडेपणा नव्हे. मागच्या माणसाचा राग पुढच्या माणसावर न काढण्याची ताकद हा तो गुण. साडेसातला आलेल्या शेवटच्या कुटुंबाला सकाळी अकराला आलेल्या पहिल्या कुटुंबाइतकाच ताजा माणूस भेटायला हवा. हे रोज, महिनोन्महिने, ज्याला न थकता जमतं, तो अबोल असला तरी शोरूममध्ये पैसे कमावतो.

आता पैशांकडे येऊ, कारण शोरूमचा वेग कुठून येतो ते इन्सेंटिव्हच्या स्लॅबमध्ये दिसतं. प्रत्येक डीलरचे आकडे वेगळे असतात, म्हणून समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. फिक्स पगार १८,००० रुपये. महिन्याला चार गाड्यांपर्यंत इन्सेंटिव्ह नाही. पाच ते आठ गाड्या झाल्या तर प्रत्येक गाडीमागे २,००० रुपये. नऊ किंवा जास्त झाल्या तर सगळ्या गाड्यांवर ३,५०० रुपये. आठ गाड्या देणाऱ्याला वरचे १६,००० मिळतात, नऊ देणाऱ्याला ३१,५००. म्हणजे नववी गाडी एकटी साडेपंधरा हजारांची ठरते. एकोणतीस तारखेला ज्याच्या आठ गाड्या झाल्या आहेत, तो माणूस कसा वागेल हे वेगळं सांगायला नको. तो मॅनेजरकडे जास्तीची सूट मागेल, गिऱ्हाइकाला ‘आजच बुक करा, ऑफर उद्या नाही’ म्हणेल, स्वतःच्या खिशातून सीट कव्हर देईल. महिनाअखेरीला शोरूममध्ये जो ताण दिसतो, तो विक्रेत्यांच्या स्वभावातून येत नाही, या गणितातून येतो. एक तारखेला पाटी पुन्हा कोरी. काहींना हे कोरं होणं आवडतं, मागचा वाईट महिना पुसला जातो म्हणून. काहींना ते असह्य होतं, कारण मागच्या चांगल्या महिन्याचंही काही उरत नाही.

शिवाय वर्ष सारखं नसतं. पितृपक्षात डिलिव्हरी घ्यायला लोक तयार नसतात; बुकिंग करतात, पण गाडी घटस्थापनेनंतरच हवी असते. त्या महिन्यात चार गाड्यांवर थांबलात तर हातात फक्त १८,०००. दसरा-दिवाळीच्या महिन्यात चौदा गाड्या गेल्या तर वरच्याच हिशेबाने ४९,००० अधिक फिक्स, म्हणजे ६७,०००. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेलाही अशीच भरती येते. वर्षाची सरासरी काढली तर कमाई ठीकठाक निघते, पण घरभाडं आणि हप्ता सरासरीवर चालत नाही. ज्याच्या घरी दुसरी स्थिर मिळकत आहे किंवा ज्याला दिवाळीचे पैसे श्रावण-भाद्रपदासाठी बाजूला ठेवायची सवय आहे, त्यालाच ही चढउतार झेपते.

कारखान्यांना विकण्याचं काम याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्यासाठी एकच सौदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. वस्तू घेऊ हवेचा कॉम्प्रेसर, कारण पिंपरी-चिंचवड पट्ट्यात तो जवळपास प्रत्येक शेडमध्ये असतो. यंत्रातले सिलिंडर हलवायला, जॉब साफ करायला, रंगकामाला, सगळीकडे दाबाखालची हवा लागते.

समजा जुलैमध्ये चाकणच्या एका कारखान्यातून फोन येतो. त्यांच्याकडे ३७ किलोवॅटचा, म्हणजे पन्नास अश्वशक्तीचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. नवी लाइन सुरू झाल्यापासून दुपारी हवेचा दाब पडतो. त्यांना तेवढाच आणखी एक हवा आहे, कोटेशन पाठवा. घाईचा विक्रेता त्याच संध्याकाळी कोटेशन पाठवतो. कामाची माहिती असलेला विक्रेता विचारतो, तुमचा साप्ताहिक बंद कधी असतो? त्या भागात अनेक ठिकाणी तो गुरुवारी असतो. गुरुवारी सकाळी तो मेंटेनन्सच्या माणसाबरोबर शेडमध्ये उभा राहतो. सगळी यंत्रं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. हवा वापरणारं कुणीच नसल्यामुळे दाब भरला की कॉम्प्रेसरने अनलोड व्हायला हवं, म्हणजे हवा दाबणं थांबवून नुसतं फिरत राहायला हवं. तसा तो होतो. पण साडेतीन मिनिटांनी पुन्हा लोड घेतो, दीड मिनिट चालतो, पुन्हा अनलोड होतो. विक्रेता मोबाइलच्या स्टॉपवॉचवर असे आठ-दहा फेरे मोजतो. नव्वद सेकंद लोड, दोनशे दहा सेकंद अनलोड. नव्वदला तीनशेने भागलं की तीस टक्के. कारखाना बंद असताना कॉम्प्रेसरची तीस टक्के हवा गळतीत चालली आहे. शांत शेडमध्ये कान दिला तर ती ऐकूही येते: पाइपच्या जोडांतून, झिजलेल्या होजमधून, कुणीतरी अर्धवट बंद केलेल्या व्हॉल्व्हमधून.

आता त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो. ३७ किलोवॅटचं यंत्र वर्षाला सहा हजार तास पूर्ण लोडवर चाललं तर ढोबळमानाने २,२२,००० युनिट वीज खातं. नऊ रुपये युनिट धरलं तर वीस लाखांचं बिल होतं. यंत्राची किंमत याच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे गिऱ्हाइकाचा खरा खर्च यंत्राचा नाही, विजेचा आहे. गळती दुरुस्त केली तर दुसरा ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर लागणारच नाही, कमी-जास्त लोडप्रमाणे वेग बदलणारा २२ किलोवॅटचा पुरेल. हे खरं सांगितलं तर ऑर्डर लहान होते. न सांगितलं तर दोन वर्षांनी वीज बिल पाहणारा कुणीतरी प्रश्न विचारेल, आणि तो कारखाना कायमचा जाईल. कारखान्यांच्या विक्रीत अनुभवी माणसं सहसा खरं सांगण्याच्या बाजूने जातात. त्यामागे सज्जनपणाबरोबर हिशेबही असतो. त्या पट्ट्यातल्या विक्रेत्याकडे मोजकीच खाती असतात आणि त्यांच्याशी त्याला दहा वर्षं व्यवहार करायचा असतो. शिवाय परचेस आणि मेंटेनन्सची माणसं नोकऱ्या बदलतात. आज चाकणला फसवलेला माणूस उद्या रांजणगावच्या मोठ्या प्लँटमध्ये परचेस मॅनेजर म्हणून बसलेला असतो.

तर विक्रेता गुरुवारच्या चाचणीचा एक पानी अहवाल पाठवतो. मेंटेनन्सला तो पटतो. पण मेंटेनन्सच्या हातात पैसे नाहीत. परचेस म्हणतं, तीन कोटेशन लागतील. प्लँट हेड म्हणतो, या वर्षीच्या भांडवली खर्चाच्या बजेटमध्ये ३७ किलोवॅटचं यंत्र मंजूर आहे, आता वेगळं का? ऑगस्टमध्ये गणेशोत्सव येतो, सप्टेंबरमध्ये ऑडिट. ऑक्टोबरमध्ये गळतीची दुरुस्ती होते आणि दाब सुधारतो. तेव्हा मालक म्हणतो, बरं चाललंय की, थांबू या. विक्रेता दर दोन आठवड्यांनी जातो, चहा पितो, दाबाचे आकडे टिपून आणतो. डिसेंबरात नवी लाइन दोन पाळ्यांत चालायला लागते आणि दाब पुन्हा पडतो. जानेवारीत दुसऱ्या कंपनीचा माणूस पन्नास हजारांनी कमी भाव देतो. फेब्रुवारीत परचेसबरोबर शेवटची बैठक, त्यात वॉरंटी आणि पहिल्या वर्षाची सर्व्हिस यावर घासाघीस. पीओ हातात पडतो तो फेब्रुवारीच्या शेवटी, कारण मार्चआधी बजेट वापरलं नाही तर ते जातं. मार्चमध्ये डिस्पॅच, एप्रिलमध्ये यंत्र बसवून चालू करणं, म्हणजे कमिशनिंग. पीओमध्ये दहा टक्के रक्कम कमिशनिंगनंतर देण्याची अट असते, ती मेअखेरीला येते. पूर्ण पैसे जमा झाल्यावर इन्सेंटिव्ह धरायचा असा डीलरचा नियम असेल, तर जुलैमध्ये केलेल्या पहिल्या भेटीचे पैसे विक्रेत्याच्या खात्यात पुढच्या जुलैच्या सुमारास येतात.

या बारा महिन्यांत त्याचं घर चालतं फिक्स पगारावर. म्हणूनच अशा नोकरीत फिक्सचा वाटा मोठा असतो आणि इन्सेंटिव्ह तिमाही किंवा वार्षिक टार्गेटवर बसवलेला असतो. शोरूममध्ये उलट, फिक्स कमी आणि चालता भाग मोठा. सुरुवातीला कारखान्यांची नोकरी सुरक्षित वाटते, आणि पहिल्या वर्षी ती असतेही. पण तिच्यात एक खाच असते, जी नेमणुकीच्या पत्रात लहान अक्षरांत लपलेली असते: इन्सेंटिव्ह मिळण्याच्या दिवशी कर्मचारी नोकरीवर असला पाहिजे. वरच्या उदाहरणातला माणूस मार्चमध्ये नोकरी सोडून गेला, तर आठ महिन्यांच्या कामाचं फळ त्याच्या मागे येणाऱ्याला मिळतं किंवा कंपनीकडेच राहतं. शोरूममधल्या विक्रेत्याचं असं नुकसान झालं तर ते एखाद्या महिन्यापुरतं. म्हणून कारखान्यांच्या विक्रीत वारंवार नोकरी बदलणारा माणूस पगार वाढवून घेत असला, तरी इन्सेंटिव्ह मात्र दर वेळी सोडून येत असतो.

तिथला नकारही वेगळ्या जातीचा. वरचा सौदा जानेवारीत पन्नास हजारांसाठी गेला असता, तर एका फोनवर सात महिन्यांचं काम संपलं असतं. पुढचं गिऱ्हाईक अर्ध्या तासात येत नाही. अशा वेळी जो माणूस आठवडाभर उदास राहतो पण नंतर त्याच कारखान्यात जाऊन, यंत्र दुसऱ्याचं असलं तरी, दाब कसा आहे हे विचारून येतो, तो या कामाचा. जो तो कारखाना यादीतून काढून टाकतो, त्याची यादी पाच वर्षांत संपते.

या कामात बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त लागतं, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. बैठकीत कोण काय म्हणालं याची मेल त्याच संध्याकाळी गेली पाहिजे, कारण तीन महिन्यांनी परचेस म्हणणार, असं ठरलंच नव्हतं. कोटेशनची सुधारित प्रत कितवी, कोणत्या तारखेची, तिच्यात वाहतूक धरली होती की नाही, हे बोटांवर पाहिजे. शाळेत वही नीटनेटकी ठेवणारा, चारचौघांत गप्प बसणारा मुलगा इथे उत्तम विक्रेता होताना दिसतो. आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माइक सोडत नसे असा मुलगा फॉलोअपच्या मेल लिहायच्या कंटाळ्याने मागे पडतो. त्याला लोक हवे असतात, निकाल लगेच हवा असतो. त्याच्यासाठी शोरूमच योग्य आणि तिथे तो चमकतो. हा दोष नव्हे, फक्त त्याची जागा दुसरी आहे.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. कंपनीला विकणं म्हणजे संथ आणि घरच्या गिऱ्हाइकाला विकणं म्हणजे वेगवान, हे समीकरण दर वेळी खरं नसतं. साबण-बिस्किटांच्या कंपनीचा माणूस सकाळी बीटवर निघतो आणि संध्याकाळपर्यंत चाळीसेक किराणा दुकानांत जातो. त्याचं गिऱ्हाईक दुकानदार, म्हणजे कागदावर हा धंद्याचा धंद्याशी व्यवहार. पण ऑर्डर पाच मिनिटांत मिळते किंवा जाते. हे काम शोरूमपेक्षाही वेगवान, आणि ज्याला पायाला चाक हवं आहे त्याच्यासाठी ते आहे. उलट फ्लॅट विकणाऱ्याचं गिऱ्हाईक घरचा माणूस, तरी साइट व्हिजिटपासून कराराच्या नोंदणीपर्यंत महिने जातात. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. त्यामुळे नुसत्या टोकनला विक्री मानता येत नाही, आणि अनेक ठिकाणी विक्रेत्याचा इन्सेंटिव्हही नोंदणी झाल्यावरच मोजला जातो. तिथे शोरूमच्या चपळाईबरोबर चाकणच्या विक्रेत्याचा धीरही लागतो. तेव्हा जाहिरातीत ‘बी टू बी’ लिहिलं आहे की ‘रिटेल’, यावर जाऊ नये. पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात येईपर्यंत किती दिवस, हे थेट विचारावं.

मुलाखतीत हे विचारायला संकोच करू नये. ज्या माणसाच्या जागी मी येतोय तो का गेला? मागच्या वर्षी टीममधल्या किती जणांना इन्सेंटिव्ह मिळाला? स्लॅब गाडी किंवा युनिट मोजून आहे की रकमेवर? बुकिंग रद्द झालं तर दिलेला इन्सेंटिव्ह परत कापतात का? कारखान्यांच्या नोकरीत आणखी एक विचारावं: मला चालती खाती मिळणार आहेत की कोरा इलाखा? कोऱ्या इलाख्यात पहिलं वर्ष बहुतेक नुसतं ओळखी होण्यात जातं, आणि पहिल्याच वर्षी पूर्ण टार्गेट लावलं असेल तर ते गाठलं जाणार नाही हे मालकालाही ठाऊक असतं. पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळतात की ठरावीक, हेही पाहावं. भोसरी, चाकण, रांजणगाव असा फेरा रोज असेल तर ठरावीक भत्ता दुसऱ्या आठवड्यातच संपतो.

एकीकडून दुसरीकडे जाता येतं का? येतं. शोरूममध्ये तीन-चार वर्षं काढून कारखान्यांच्या विक्रीत गेलेले बरेच आहेत. त्यामागे पैशांपेक्षा रविवारची सुट्टी आणि लहान मुलं हे कारण जास्त असतं. त्यांना सुरुवातीचे सहा महिने फार जड जातात. रोज काहीतरी ‘क्लोज’ करायची सवय लागलेली असते आणि इथे आठवडे नुसते भेटींत जातात. ते घाबरून सूट द्यायला लागतात, आणि परचेसच्या माणसाला ती घाई लगेच कळते. उलट्या दिशेने जाणारे कमी. कारखान्यांत दहा वर्षं काढलेल्या माणसाची खरी पुंजी म्हणजे त्याच्या ओळखी आणि यंत्रांची माहिती. शोरूममध्ये तिचा उपयोग होत नाही, आणि फिक्स पगारही खाली येतो. म्हणून ज्याला मनातून दोन्ही करून पाहायचं आहे, त्याने शोरूम किंवा बीटचं काम आधी करावं असं मला वाटतं. तिथे एका वर्षात शेकडो माणसांना समोरासमोर ऐकायला मिळतं आणि पैशांबद्दल बोलताना आवाज कापणं थांबतं. ते चाकणलाही कामी येतं.

ठरवण्याआधी दोन दिवस खर्च करता आले तर करावेत. ओळखीच्या शोरूममधल्या कुणाला विचारून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दिवसभर कोपऱ्यात उभं राहावं, आणि रात्री साडेआठला आपल्याला अजून एका कुटुंबाला गाडी दाखवावीशी वाटते आहे का ते पाहावं. मग यंत्रं विकणाऱ्या एखाद्याबरोबर मधल्या वारी एमआयडीसीत फिरावं. गेटवर पास मिळायला चाळीस मिनिटं, परचेस मॅनेजर मीटिंगमध्ये, मेंटेनन्सचा माणूस ब्रेकडाउनवर, तीन कारखाने झाले आणि ऑर्डर एकही नाही. परतीच्या वाटेवर त्या विक्रेत्याने टिपून आणलेले दाबाचे आकडे आणि पुढच्या भेटीचा त्याचा विचार ऐकताना उत्सुकता वाटते की कंटाळा येतो, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवावं.